हुडहुडी भरलेल्या पोरीवर फ्रिजचं पाणी

*नमस्कार डॉक्टरताई. माझी मुलगी २ वर्षं ४ महिन्यांची आहे, वजन १२ किलो. परवा रात्री ११ वाजता कपाळ कढत लागलं, पण हातपाय बर्फासारखे गार होते. मोजला तर १०२.२ ताप. मी पॅरासिटामॉलचं सिरप ५ एमएल पाजलं. तेवढ्यात सासूबाईंनी फ्रिजमधल्या पाण्यात पंचा भिजवून तिचं सगळं अंग पुसून काढलं. पोरगी अशी काही काकडायला लागली की दात वाजत होते, ओठ निळसर झाले. वीस मिनिटांनी पुन्हा मोजला तर १०३.८! सकाळी आमचे डॉक्टर म्हणाले, पट्ट्या अजिबात नकोत, आणि खेळत असेल तर औषधसुद्धा दिलं पाहिजे असं नाही. सासूबाईंना हे पटत नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे मिस्टर, लहानपणी तापात आकडी येऊन बेशुद्ध पडले होते. "ताप डोक्यात गेला तर काय करशील?" असं त्या विचारतात. ताप उतरवायचा की नाही, एकदा सांगाच. – एक आई, कराड*

ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. पण सासूबाईंवर रागावू नका, कारण हे त्यांना आम्हीच शिकवलं. मी नवी नवी डॉक्टर झाले तेव्हा बालरुग्ण विभागात बर्फाच्या पाण्याची पातेली तयार असायची. सकाळी मोठे साहेब राउंडला यायच्या आधी आम्ही शिकाऊ मंडळी तापाची पोरं भराभर पुसून घ्यायचो, म्हणजे तक्त्यावरची रेघ खाली आलेली दिसावी. साहेब खूश. पोरं मात्र निळी पडून थरथरत असायची, आणि दुपारच्या नोंदीत रेघ परत होती तिथे. ती वर का जाते हे तेव्हा मी कुणाला विचारलं नाही, याची आजही लाज वाटते. त्या पोरांच्या आया आज आज्या झाल्यात. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच त्या करतात.

तर त्या वीस मिनिटांत काय झालं ते आधी बघू.

तुमच्या घरी गिझर असेल. त्याच्या आत एक थर्मोस्टॅट असतो, पाणी किती तापवायचं ते तो ठरवतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे, तो शरीराचा थर्मोस्टॅट. एरवी तो साधारण ९८–९९ वर लावलेला असतो. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात, त्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो हा काटा वर सरकवतो, समजा १०४ वर. म्हणजे ताप हा काही यंत्राचा बिघाड नाही. शरीराने स्वतःच काटा वर नेलेला असतो.

काटा १०४ वर गेला तेव्हा तुमच्या लेकीचं अंग होतं १०२ च्या आसपास. आपल्याला ती तापलेली वाटते, पण तिच्या मेंदूच्या हिशेबात ती दोन अंश *थंड* आहे. मग मेंदू तेच करतो जे महाबळेश्वरच्या डिसेंबरात तुमचं माझं शरीर करतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळून घेतो, म्हणजे आतली ऊब बाहेर जाऊ नये. म्हणून हातपाय गार. अंगावर काटा येतो. आणि तेवढ्यानं भागलं नाही की स्नायू थरथरवून उष्णता तयार करतो, तीच हुडहुडी. "थंडी वाजून ताप आला" असं आपण म्हणतो ते शब्दशः खरं आहे. आधी थंडी वाजते, मग ताप चढतो.

अशा वेळी फ्रिजचं पाणी अंगावर आलं. चालू गिझरमध्ये गार पाणी सोडलं तर गिझर बंद पडतो का? उलट त्याचा लाल दिवा लागतो आणि तो जोरात तापवायला लागतो. तुमच्या लेकीचं तेच झालं. गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आणखी आवळल्या, त्यामुळे आतली उष्णता आतच कोंडली. थरथर वाढली, थरथरीने उष्णता आणखी वाढली. आणि काटा? तो होता तिथेच, १०४ वर. पाण्याला त्या काट्यापर्यंत पोचताच येत नाही.

तरी एक सांगते, १०३.८ हा सगळाच पाण्याचा दोष नव्हे. ताप चढतीवर होता, पाणी लावलं नसतं तरी तो तिथपर्यंत गेला असता. पाण्याने तो खाली आणला नाही, आणि वर जाताना पोरीचे हाल केले, एवढं खरं. ओठ निळसर दिसले तेही बहुधा आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे. तसं पुन्हा कधी दिसलं तर तोंड उघडून जीभ बघा. जीभ गुलाबी असेल आणि पोर थंडीने कुडकुडत असेल तर पांघरूण घालून वाट बघता येते. जीभही निळसर असेल किंवा श्वासाला धाप लागली असेल तर मात्र तडक दवाखाना गाठायचा.

पुसण्याचा आणखी एक घोटाळा आहे, तो घरोघरी होतो. ओल्या अंगाच्या काखेत थर्मामीटर लावला की तो कातडीचं तापमान सांगतो, आतलं नाही. पुसल्यापुसल्या मोजून "बघ, १०० वर आला" म्हणणारे खूप. अर्ध्या तासाने तोच थर्मामीटर पुन्हा १०३ दाखवतो आणि मग "ताप परत चढला" म्हणून दुसऱ्यांदा पंचा भिजतो. तो उतरलाच नव्हता. काख कोरडी करून, हात अंगाशी घट्ट धरून, थर्मामीटर वाजेपर्यंत थांबलं तरच आकडा खरा.

मग कोमट पाण्याने पुसलं तर? हा प्रश्न पुढच्या पत्रात येणार, म्हणून आत्ताच सांगते. कोमट पाण्याने पुसण्याचे लहान मुलांवर अभ्यास झालेत. औषधाच्या जोडीला कोमट पाण्याने पुसलं तर पहिल्या अर्ध्या तासात ताप जरा लवकर उतरतो, हे खरं आहे. पण दोनेक तासांनी बघितलं तर फारसा फरक उरत नाही. आणि ज्यांना पुसलं त्या मुलांमध्ये रडणं, काकडणं, अंगावर काटा येणं जास्त दिसलं. एवढ्या थोड्या फायद्यासाठी आजारी पोराला रात्री उघडं करून ओलं करायचं का? म्हणूनच ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची बालतापाविषयीची मार्गदर्शक तत्त्वं कोमट पाण्यानेही पुसू नका म्हणतात. बर्फाचा तर प्रश्नच नाही.

कपाळावरच्या घडीचं काय? मिठाच्या पाण्याची किंवा कोलनवॉटरची घडी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. साध्या पाण्याची घडी कपाळावर पोराला बरी वाटत असेल तर ठेवा, बोटभर कातडीतून कितीशी उष्णता जाणार? आईचा हात कपाळावर राहतो, तो फायदा त्या घडीपेक्षा मोठा. कोलनवॉटर मात्र कपाटातच राहू द्या. त्यात अल्कोहोल असतं. स्पिरिट किंवा तसलं काही अंगभर चोळलं तर ते कातडीतून आणि वासातून लहान मुलाच्या शरीरात जातं, त्याने मूल गुंगून पडू शकतं, साखर कमी होऊ शकते.

आता तुमचा खरा प्रश्न, उतरवायचा की नाही.

काटा शरीरानेच वर नेलाय म्हटल्यावर साहजिक विचारावंसं वाटतं, की का? याचं उत्तर शोधताना १९७५ साली अमेरिकेत सरड्यांवर एक छान प्रयोग झाला. सरड्याला स्वतःचं अंग तापवता येत नाही, तो उन्हात जाऊन बसतो. वाळवंटातल्या सरड्यांना जंतूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानाला ठेवलं, तर उबेत ठेवलेले जास्त वाचले आणि थंड ठेवलेले जास्त मेले. पुढच्याच वर्षी आजारी सरड्यांना तापाचं औषध देऊन पाहिलं. ज्यांचं अंग त्यानं थंड झालं ते दगावले. म्हणजे ताप ही फार जुनी, कामाची सोय आहे. तापलेल्या अंगात बरेचसे जंतू हळू वाढतात आणि पांढऱ्या पेशी चपळ होतात.

आता यावरून "औषध दिलं तर पोर दगावेल" असा अर्थ काढू नका. आपण सरडे नव्हे. मुलांना पॅरासिटामॉल दिल्याने साधा आजार बिघडतो असा पुरावा नाही. कांजिण्या झालेल्या मुलांच्या एका अभ्यासात औषध घेतलेल्यांच्या फोडांवर खपल्या धरायला साधारण एक दिवस जास्त लागला, फरक असलाच तर एवढाच. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. ताप उतरवल्याने आजार लवकर बरा होत नाही. औषध काटा खाली ओढतं, पण काटा ज्याने वर नेला तो जंतू तिथेच असतो. सहा तासांनी औषध ओसरलं की ताप परत येतो. "औषध लागू पडत नाही" म्हणून आया घाबरतात, पण ते लागू पडलेलं असतं, त्याचं काम तेवढंच आहे.

म्हणून औषध आकड्याला द्यायचं नाही, पोराला द्यायचं. १०२ ताप आहे पण पोरगी भातुकली मांडून बसलीय, पाणी पितेय, तर औषधाची गरज नाही. १००.८ च आहे पण अंग दुखतंय म्हणून किरकिर करतेय, काही पीत नाहीये, झोपत नाहीये, तर द्या. उद्देश थर्मामीटरवर ९८.६ आणणं हा नसून तिला जरा बरं वाटून तिनं चार घोट पेज प्यावी हा आहे. झोपलेल्या पोराला "डोसची वेळ झाली" म्हणून उठवू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या मुलांना मात्र तापाचा ताण झेपत नाही, त्यांच्याबाबत त्यांच्या डॉक्टरांचं ऐकायचं.

आता त्या ५ एमएलकडे येते, कारण पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट ती आहे. ५ एमएल *कशाचं*? बाटली आणून तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, एका किलोला १५ मिलिग्रॅम. तुमची लेक १२ किलोची, म्हणजे १८० मिलिग्रॅम. आपल्याकडे औषधाच्या दुकानात साधारण तीन तऱ्हा मिळतात. एकीवर "५ एमएलमध्ये १२० (किंवा १२५) एमजी" असतं. त्यातलं १८० मिलिग्रॅमसाठी सुमारे ७ एमएल लागतं. दुसरीवर "५ एमएलमध्ये २५० एमजी", त्यातलं साडेतीन एमएल पुरतं. तिसरे असतात तान्ह्या बाळांचे थेंब, "१ एमएलमध्ये १०० एमजी". त्यातलं १.८ एमएल झालं की डोस पुरा.

म्हणजे तुम्ही दिलेलं ५ एमएल पहिल्या बाटलीतलं असेल तर डोस जरा कमी पडला, दुसरीतलं असेल तर जास्त झाला. आणि थेंबांच्या बाटलीतलं असतं तर ५०० मिलिग्रॅम, जवळजवळ तिप्पट! "थेंब म्हणजे सौम्य" असा समज आहे, पण खरं तर तेच सगळ्यात कडक, कारण तान्ह्या बाळाला थोडक्यात पाजता यावं म्हणून ते तसे केलेले असतात. एकदा जास्त गेलं तर लगेच काही होईलच असं नाही, पण दोनतीन दिवस असंच चाललं तर यकृताला इजा होऊ शकते. चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, फारच हाल असतील तर कमीत कमी चार, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. सर्दीचं सिरप चालू असेल तर त्याचं लेबलही वाचा. पुष्कळ सर्दीच्या औषधांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं आणि घरात कुणाच्या ध्यानात येत नाही की पोराला ते दोन बाटल्यांतून मिळतंय.

औषध पोटात गेल्यावर अर्ध्या ते एका तासाने परिणाम सुरू होतो, पूर्ण उतार दोनतीन तासांनी दिसतो आणि तोही साधारण दोनतीन अंशांचाच. म्हणजे तुम्ही ११ ला दिलेल्या औषधाला ११.२० ला जाब विचारलात, तेव्हा ते जेमतेम पोटातून पुढे सरकत होतं. १०३.८ वरून एक वाजता १०१.५ झाला असेल तर औषधाने आपलं काम चोख केलं. त्या वेळी घाम आला असेल, तो म्हणजे काटा खाली आल्याची खूण. आता शरीराला स्वतःलाच थंड व्हायचंय, रक्तवाहिन्या उघडल्यात, हातपाय गरम लागतात. पंखा लावायचा, पांघरूण काढायचं ते *आता*. चढतीला पांघरूण, उतरतीला पंखा, एवढं सासूबाईंना सांगा, लगेच पटेल. हुडहुडी थांबली तरी पोराला स्वेटर, कानटोपी आणि दुलईत बांधून ठेवायचं, हेही चूकच, कारण मग उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही.

आता आकडीची भीती. ती खोटी नाही, आणि तुमच्या घरात तिला कारणही आहे. तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना, आणि आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी आली असेल तर शक्यता वाढते. पण "ताप डोक्यात जातो" म्हणजे मेंदू तापून खराब होतो असं यात काही नसतं. पाचदहा सेकंदांत डोळे फिरवणं, हातपाय झटकणं, दोनतीन मिनिटांत थांबणं, मग गाढ झोप, असा तिचा साधारण चेहरा असतो, आणि ही मुलं पुढे शाळेत इतरांइतकीच हुशार असतात. तुमचे मिस्टर आहेतच की पुरावा.

सासूबाईंना पचायला जड जाईल ती गोष्ट अशी, की तापाचं औषध वेळेवर देऊन किंवा अंग पुसून आकडी टळते असा भरवसा नाही. हे अनेक अभ्यासांत तपासून झालंय. पुष्कळदा आकडी ताप चढता चढताच येते, घरच्यांना ताप आहे हे कळायच्या आतच. त्यामुळे रात्रभर दर तासाला थर्मामीटर लावून आकडीवर पहारा देता येत नाही. आलीच तर काय करायचं हे मात्र सगळ्यांना ठाऊक हवं. पोराला जमिनीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी घशात जाणार नाही. घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा नको, तोंडात पाणी नको. कांदा फोडून हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं यानं ती थांबत नाही. ती आपणहून थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटांत थांबली नाही तर वाट न बघता रुग्णालयात. थांबली तरी पहिल्यांदाच आली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण मेंदूज्वर नाही ना ते बघावं लागतं.

पाण्याने थंड *करायलाच* हवं असा एक प्रसंग आहे, आणि तो तापाचा नाही. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेलं पोर, विदर्भात भर दुपारी शेतात कोसळलेला माणूस, हा उष्माघात. इथे काटा ९८ वरच असतो, बाहेरच्या उष्णतेने अंग १०४ च्या वर गेलेलं असतं आणि मेंदू ते खाली आणू शकत नाही. माणूस बरळतो, सुस्त होतो, बेशुद्ध पडतो. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य, कारण काटा वर गेलेलाच नाही. तिथे सावली, अंगावर पाणी, जोराचा वारा, मानेला आणि काखेत बर्फ, आणि ताबडतोब रुग्णालय. सासूबाईंचं फ्रिजचं पाणी तिथे जीव वाचवेल. साध्या संसर्गाच्या तापात मात्र मेंदू आपला काटा सांभाळून असतो, त्यामुळे ताप १०६ च्या पुढे क्वचितच जातो. तसा गेलाच तर घरी पंचा भिजवत बसू नका, रुग्णालयात न्या.

ताप किती यावरून आजार किती मोठा ते कळत नाही, आणि औषधाने उतरला म्हणजे साधा होता असंही नाही. मोठ्या आजारातला तापही पॅरासिटामॉलने उतरतो. म्हणून मी थर्मामीटरपेक्षा पोराकडे बघते, आणि ते ताप उतरलेला असताना. १०३ ला सगळीच मुलं मलूल असतात. पण औषधाने उतरल्यावरही जी मान टाकून पडून राहते, हाक मारली तर बघत नाही, तिची मला काळजी वाटते. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, आठ तासांत लघवी न होणं, मान ताठ होणं, अंगावरचे लालजांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही न जाणं, यातलं काही असेल तर रात्र असली तरी निघायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असला तरी घरी औषध न देता थेट डॉक्टर. तुमच्या लेकीच्या वयात बाकी सगळं ठीक असेल तरी ताप तीन दिवसांच्या पुढे गेला की दाखवून घ्या.

आणि हे दिवस पावसाचे आहेत, म्हणून आणखी एक. "जोरदार" म्हणून शेजारपाजारून मिळणारी औषधं नकोत. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन ही डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात, आणि पहिल्या दिवशी ताप डेंग्यूचा आहे की साधा हे कुणालाच सांगता येत नाही. अॅस्पिरिन तर लहान मुलांच्या तापात एरवीही द्यायचं नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली कपाटात सापडते. ती फेकून द्या.

डेंग्यूत ताप चढलेला असताना जेवढी भीती असते त्याहून जास्त तो उतरतो तेव्हा असते. साधारण चौथ्यापाचव्या दिवशी ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. तेव्हा पोट खूप दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, पोर अस्वस्थ किंवा एकदम गप्प होतं, आणि हातपाय पुन्हा गार पडतात, या वेळी हुडहुडीशिवाय आणि ताप नसताना. पुढच्या तापात तुमच्या लेकीचं असं काही दिसलं, तर "आता ताप नाही ना" म्हणून सकाळ होऊ देऊ नका, त्याच रात्री तिला घेऊन निघा.